बंद पडलेले विक्री खाते आणि सुधारणेचा आराखडा

ॲमेझॉनसारख्या ऑनलाइन बाजारपेठेत माल विकणाऱ्याचे खाते धोरणभंगासाठी निलंबित झाले, की ते पुन्हा सुरू करून घेण्यासाठी त्याला एक लेखी निवेदन पाठवावे लागते. विक्रेते त्याला ‘प्लॅन ऑफ ॲक्शन’ किंवा नुसते ‘पीओए’ म्हणतात. मराठीत त्याला सुधारणेचा आराखडा म्हणता येईल. त्यात तीन प्रश्नांची उत्तरे अपेक्षित असतात. बिघाड नेमका कशामुळे झाला, तो दुरुस्त करण्यासाठी आतापर्यंत काय केले, आणि तो पुन्हा होऊ नये म्हणून कामाच्या पद्धतीत काय बदलले. विक्रेत्याचे सगळे लक्ष साहजिकच तिसऱ्या प्रश्नावर जाते, कारण आश्वासन देणे सोपे असते. निवेदन नामंजूर होते ते मात्र बहुधा पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकीचे किंवा अपुरे असल्यामुळे. कारणच चुकले तर त्यावर सुचवलेला उपायही चुकतो, आणि वाचणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येते.

खाते निलंबित होण्याची कारणे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार कामगिरीचा. माल वेळेत न पाठवणे, ऑर्डर स्वतःहून रद्द करणे, सदोष ऑर्डरींचे प्रमाण वाढणे अशा गोष्टी त्यात येतात. सदोष ऑर्डरींचे प्रमाण 60 दिवसांच्या काळात एक टक्क्याच्या आत असावे, अशी ॲमेझॉनची अट आहे. दुसरा प्रकार धोरणभंगाचा. माल बनावट असल्याची तक्रार, वापरलेली वस्तू नवी म्हणून विकल्याची तक्रार, ट्रेडमार्कचे उल्लंघन, विक्रीस बंदी असलेली वस्तू, खोटी परीक्षणे यांचा त्यात समावेश होतो. विक्रेत्याच्या पानावर ‘Account Health’ नावाचा एक विभाग असतो. तिथे 0 ते 1000 या पट्टीवर खात्याची प्रकृती गुणांत दिसते. 200 व त्यावर गुण असले तर खाते हिरव्या रंगात दिसते, त्याखाली पिवळा इशारा मिळतो, आणि 100 च्या खाली गेले की खाते बंद होण्याच्या टप्प्यात येते. गंभीर प्रकरणात मात्र गुणांची ही उतरण दिसण्याची वाट पाहिली जात नाही. खाते थेट बंद होते.

बाजारपेठ चालवणारी कंपनी आधी खाते बंद करते आणि मग खुलासा मागते, ही विक्रेत्यांची जुनी तक्रार आहे आणि ती निराधार नाही. त्यामागचे कारणही समजून घ्यायला हवे. आपल्या मंचावर कोणी काय विकले, याचा जाब कंपनीलाच विचारला जाऊ शकतो. ऑगस्ट 2022 मध्ये भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने, सक्तीचे गुणवत्ता मानक न पाळणारे प्रेशर कुकर मंचावर विकू दिल्याबद्दल ॲमेझॉनला एक लाख रुपये दंड केला. विकल्या गेलेल्या 2,265 कुकरांच्या ग्राहकांना कळवून कुकर परत घ्यावेत आणि पैसे परत करावेत, असेही सांगितले. कंपनीने त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. दंडाची रक्कम अशा कंपनीसाठी किरकोळ असली, तरी माल दुसऱ्याने विकला म्हणून आपली सुटका होत नाही, हे तिला त्यातून दिसले. म्हणून आराखडा वाचणाऱ्याला विक्रेत्याची बाजू जितकी महत्त्वाची वाटते, त्याहून एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हे खाते पुन्हा सुरू केले, तर अशीच तक्रार पुन्हा येईल का?

खाते निलंबित झाले की मालाची पाने ग्राहकांना दिसेनाशी होतात आणि जमा रक्कम बँकेत वळती होणे थांबते. ही रक्कम 90 दिवसांपर्यंत रोखली जाऊ शकते. हाती असलेल्या, आधीच स्वीकारलेल्या ऑर्डरी मात्र पाठवाव्याच लागतात. त्या अडकल्या, तर धोरणभंगाच्या जोडीला कामगिरीचा ठपकाही बसतो. माल भिवंडीसारख्या ठिकाणच्या कंपनीच्या गोदामात ठेवला असेल, तर तो तिथेच पडून राहतो आणि साठवणुकीचे भाडे चालू राहते. विक्रेत्याला त्याच रात्री काहीतरी लिहून पाठवण्याची घाई होते, ती यामुळेच. पण पहिल्या निवेदनात जे लिहिले जाते, ते नोंदीत राहते. दुसऱ्या निवेदनात वेगळेच कारण सांगितले, तर दोन्हींवरचा विश्वास उडतो. म्हणून दोन-तीन दिवस गेले तरी चालतील, पण आधी तपास पूर्ण करावा.

तपासाची सुरुवात निलंबनाच्या सूचनेपासून होते. ती ईमेलने येते आणि विक्रेत्याच्या पानावरील ‘Performance Notifications’ या विभागातही असते. सूचनेची भाषा ठरीव साच्याची असते, तरी तिच्यात दोन उपयोगी गोष्टी सापडतात. एक म्हणजे आरोपाचा प्रकार, आणि दुसरी म्हणजे ज्या वस्तूंबद्दल तक्रार आहे त्यांचे दहा अक्षरी क्रमांक, म्हणजे एएसआयएन. मालाच्या अस्सलपणाबद्दलची तक्रार असेल, तर सूचनेत सहसा मागील 365 दिवसांतील खरेदीची बिले मागितलेली असतात. त्या बिलांतील नगसंख्या विक्रीच्या नगसंख्येशी जुळायला हवी, पुरवठादाराचे नाव, पत्ता, फोन त्यावर हवा, आणि दर झाकून ठेवले तरी चालतात. यातली नगसंख्येची अट अनेक जण नजरेआड करतात, आणि पुढे सर्वांत जास्त अडचण तीच करते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊन हा तपास शेवटपर्यंत नेता येईल. पुण्यातील एक विक्रेता एका नामांकित ब्रँडच्या स्टीलच्या पाण्याच्या बाटल्या ॲमेझॉनवर विकतो. माल तो बोहरी आळीतील घाऊक व्यापाऱ्यांकडून घेतो, कोथरूडमधील एका गाळ्यात ठेवतो आणि तिथूनच पाठवतो. पॅकिंग आणि रिटर्न या दोन्ही कामांना मिळून एकच मुलगा आहे. जानेवारीत खाते बंद होते. सूचनेत एकाच बाटलीचा क्रमांक आहे आणि आरोप आहे तो मालाच्या अस्सलपणाबद्दल शंका असल्याचा. विक्रेत्याला वाटते, आपण काही बनावट विकलेले नाही, एखाद्या स्पर्धकाने खोडसाळपणा केला असणार. तसे निवेदन लिहायला तो बसतो.

आधी त्याने पाहायला हवेत ते ग्राहकांचे शब्द. रिटर्नच्या नोंदींत ग्राहकाने निवडलेले कारण आणि त्याची टिप्पणी असते. विक्रेत्याला मिळालेले संदेश, अभिप्राय आणि वस्तूवरील परीक्षणे यांतही तोच मजकूर वेगळ्या तऱ्हेने सापडतो. या विक्रेत्याने सहा महिन्यांच्या नोंदी काढल्या, तर सात तक्रारी सापडतात. चार जणांनी लिहिले आहे की बाटलीला वास येत होता, झाकणावर ओरखडे होते, कोणीतरी वापरलेली वाटली. तिघांनी लिहिले आहे की खोका वेगळा आहे, ब्रँडचे नाव फिकट आहे, डुप्लिकेट दिसते. बाजारपेठेच्या यंत्रणेत या सातही तक्रारी अस्सलपणाच्या शंकेत जमा झाल्या. प्रत्यक्षात ते दोन वेगळे बिघाड आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी असणार. हे वेगळेपण न ओळखता लिहिलेला आराखडा अर्ध्या तक्रारींना उत्तरच देत नाही.

पहिल्या चार तक्रारींचा माग रिटर्नच्या वहीतून लागतो. वर्षभरात 640 बाटल्या पाठवल्या गेल्या आणि 52 परत आल्या. त्या 52 पैकी 38 पुन्हा फडताळावर ठेवून दुसऱ्या ग्राहकांना पाठवल्या गेल्या. चारही तक्रारींच्या ऑर्डरी रिटर्न आल्यानंतर एक-दोन दिवसांत गेलेल्या होत्या. इथे ‘कामगाराच्या चुकीमुळे’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. तो टाळून आणखी मागे जायला हवे. टोयोटाच्या कारखान्यांतून जगभर पसरलेली एक पद्धत अशा वेळी उपयोगी पडते. दोषाचे कारण सापडले, की त्या कारणाचेही कारण विचारायचे, आणि ज्या गोष्टीत बदल करता येईल तिथपर्यंत पोचायचे. वापरलेली बाटली का गेली? परत आलेली बाटली नव्या मालात मिसळली म्हणून. ती का मिसळली? दोन्ही एकाच फडताळावर ठेवल्या जात होत्या. परत आलेली बाटली पुन्हा विकायची की नाही, हे कोण ठरवत होते? कोणीच नाही. खोका धड दिसला, की मुलगा ती आत ठेवत असे. दिवाळीआधी दिवसाच्या ऑर्डरी आठावरून तीसवर गेल्या, तेव्हा खोका उघडून पाहण्याइतका वेळही राहिला नाही. म्हणजे खरे कारण हे की गाळ्यात रिटर्नसाठी वेगळी जागा नव्हती, आणि परत आलेल्या मालाचा निर्णय घेण्याचा नियमही नव्हता. मुलगा बदलला असता तरी हेच झाले असते.

उरलेल्या तीन तक्रारी मात्र खरेदीच्या कागदांकडे नेतात. इथे हिशोब मांडूनच पाहावा लागतो. पाठवलेल्या 640 बाटल्यांपैकी 38 दुसऱ्यांदा गेलेल्या, म्हणजे वेगवेगळ्या नव्या बाटल्या 602. गाळ्यात आज 60 नव्या बाटल्या शिल्लक आहेत. एकूण खरेदी 662 नगांची झालेली असणार. जीएसटीची पक्की बिले मात्र तीनच आहेत. जूनचे 120 नगांचे, ऑगस्टचे 180 चे आणि नोव्हेंबरच्या मध्याचे 150 चे, मिळून 450. राहिलेल्या 212 बाटल्या कुठून आल्या? ऑगस्टचा माल ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपला. दिवाळीच्या ऑर्डरी येत होत्या, नेहमीच्या व्यापाऱ्याकडे माल नव्हता. विक्रेत्याने दुसऱ्याच एका दुकानातून रोख पैसे देऊन, कच्च्या पावतीवर माल उचलला. ‘डुप्लिकेट’ म्हणणाऱ्या तिन्ही ग्राहकांच्या ऑर्डरी त्यानंतरच्या तीन आठवड्यांतल्या आहेत.

हा माल बनावट होता की नाही, हे विक्रेता सांगू शकत नाही, आणि त्याने सांगायचा प्रयत्नही करू नये. त्याला तपासता येतो तो खोका. वेष्टनबंद वस्तूंबाबतच्या वैधमापन नियमांनुसार, म्हणजे 2011 च्या लीगल मेट्रॉलॉजी नियमांनुसार, खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, नगसंख्या, एमआरपी, निर्मितीचा महिना व वर्ष आणि ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क छापलेला असावा लागतो. शिल्लक 60 बाटल्यांची तपासणी केली, तर त्यातल्या 23 खोक्यांवर निर्मितीचा महिनाही नाही आणि तक्रारीचा फोनही नाही. हे कच्च्या पावतीवरच्या मालातले उरलेले नग आहेत. म्हणजे त्या मालातील 189 बाटल्या ग्राहकांकडे गेल्या. आता विक्रेत्याच्या हाती आकडे आहेत, तारखा आहेत आणि फोटो काढता येतील अशा वस्तू आहेत. स्पर्धकाचा खोडसाळपणा या शक्यतेला त्यात कुठेच आधार उरत नाही.

इथे विक्रेत्यापुढे खरा पेच उभा राहतो. 212 नगांचे पक्के बिल नाही हे कबूल करावे, की कुठून तरी बिल मिळवावे? मागील तारखेचे बिल करून देणारे व्यापारी सापडतात, आणि पीडीएफमधील नगसंख्या बदलणे तर मिनिटाचे काम आहे. पण बिल तपासणारा माणूस फक्त कागद पाहत नाही. पुरवठादाराला फोन करून ते बिल त्याच्या वहीत आहे का, हे विचारले जाऊ शकते. बिलावरचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला, की त्या नावाची नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे हे कोणालाही दिसते. फेरफार केलेला कागद सापडला, तर मूळ आरोप मागे पडतो आणि फसवणुकीचा आरोप त्याची जागा घेतो. त्यानंतर खाते परत मिळण्याची आशा जवळजवळ संपते. बाटली संशयास्पद असण्याचा खुलासा करता येतो, खोट्या बिलाचा करता येत नाही.

म्हणून या विक्रेत्याने 450 नगांची तीन खरी बिले द्यावीत आणि उरलेल्या खरेदीला बिल नाही, हे स्वतःहून लिहावे. बिनबिलाच्या खरेदीचे जीएसटीच्या दृष्टीनेही परिणाम असतात, तेव्हा हे लिहून पाठवण्याआधी कर सल्लागाराला दाखवणे शहाणपणाचे. खऱ्या बिलांना आणखी एक आधार जोडता येतो. पुरवठादाराने आपले विवरणपत्र भरले असेल, तर त्याचे बिल खरेदीदाराच्या जीएसटी पोर्टलवरील ‘GSTR-2B’ या तक्त्यात आपोआप दिसते. त्या महिन्यांची पाने बिलांसोबत जोडली, तर बिल नंतर तयार केलेले नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. घाऊक व्यापाऱ्याकडे ब्रँडच्या वितरकाचे बिल किंवा अधिकृत विक्रेता असल्याचे पत्र असेल, तर त्याची प्रतही मागून घ्यावी. ब्रँड ते वितरक, वितरक ते व्यापारी, व्यापारी ते विक्रेता अशी साखळी जितकी वरपर्यंत दाखवता येईल तितका संशय कमी होतो.

आराखडा लिहायच्या आधी दुरुस्तीची कामे प्रत्यक्ष झालेली असावीत, कारण दुसऱ्या भागात ‘करू’ या क्रियापदाला जागा नाही. संशयास्पद 23 बाटल्या वेगळ्या काढून, फोटो काढून, विक्रीतून बाद करायच्या. सात तक्रारदारांपैकी ज्यांचे पैसे परत गेलेले नाहीत, त्यांचे पैसे द्यायचे. कच्च्या पावतीवरच्या मालातून गेलेल्या 189 ऑर्डरींची यादी करून त्या ग्राहकांना पैसे परत देण्याची तयारी ठेवायची. याची झळ बसते, पण आराखड्यातल्या इतर कुठल्याही वाक्यापेक्षा हे पाऊल जास्त बोलते. ग्राहकांशी संपर्क करायचा तो मात्र बाजारपेठेच्या संदेश यंत्रणेतूनच, आणि त्यात परीक्षण काढून टाकण्याची विनंती चुकूनही करायची नाही. तो स्वतंत्र धोरणभंग ठरतो.

आता मजकुराकडे यायचे. घाईत लिहिलेले निवेदन साधारण असे असते. “आम्ही गेली चार वर्षे प्रामाणिकपणे व्यवसाय करत आहोत. आमचा सर्व माल अस्सल आहे. काही ग्राहकांचा गैरसमज झाला असावा. आमच्या कुटुंबाचा उदरनिर्वाह या खात्यावर आहे. यापुढे आम्ही अधिक काळजी घेऊ.” यातले प्रत्येक वाक्य खरे असू शकते. तरी वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. कोणती काळजी, कोण घेणार, आधी ती का घेतली गेली नव्हती? शिवाय ‘गैरसमज’ या एका शब्दाने विक्रेत्याने बिघाड मान्यच केलेला नाही, आणि मान्य न केलेल्या बिघाडावर उपाय असू शकत नाही.

तोच विक्रेता तपासाच्या आधारे लिहू लागला, की कारणाचा परिच्छेद असा होतो. “आमच्या तपासात दोन कारणे आढळली. पहिले, परत आलेला माल आम्ही नव्या मालाच्याच फडताळावर ठेवत होतो आणि तो पुन्हा विकण्यायोग्य आहे का, हे तपासण्याचा नियम नव्हता. त्यामुळे वर्षभरात परत आलेल्या 52 पैकी 38 बाटल्या नव्या म्हणून पुन्हा पाठवल्या गेल्या. दुसरे, ऑक्टोबरमध्ये आम्ही 212 बाटल्या अशा दुकानातून घेतल्या, ज्याने कर बिल दिले नाही. ब्रँडशी त्याचा अधिकृत संबंध आहे का, हे आम्ही तपासले नाही. शिल्लक मालातील 23 खोक्यांवर आवश्यक छापील माहिती नाही. अस्सलपणाच्या तीन तक्रारी या मालाच्या काळातील ऑर्डरींवर आल्या.” इथे क्षमायाचना नाही, पण जबाबदारी पूर्ण आहे. प्रत्येक विधान कशावर तरी बोट ठेवून दाखवता येते.

तिसरा भाग, म्हणजे पुढची व्यवस्था, या दोन कारणांना एकास एक जोडून लिहायचा. एखाद्या उपायामागे वर सांगितलेले कारण नसेल, तर तो उपाय गाळावा. ‘ग्राहकसेवा सुधारू’, ‘पॅकिंग आणखी मजबूत करू’ अशी वाक्ये आराखडा लांबवतात आणि मुख्य उत्तर झाकतात. पहिल्या कारणासाठी हा विक्रेता लिहू शकतो की परत आलेली प्रत्येक बाटली आता कुलूपबंद वेगळ्या कपाटात जाते, तिची नोंद ऑर्डर क्रमांकासह होते, आणि पिण्याच्या पाण्याचे भांडे असल्याने परत आलेली एकही बाटली नवी म्हणून पुन्हा विकली जाणार नाही. हा शेवटचा नियम कडक आहे, पण तो पाळला जातो की नाही हे तपासणे सोपे आहे. ‘तपासून चांगल्या असतील त्या विकू’ असे म्हटले असते, तर चांगली म्हणजे काय, हा वाद पुन्हा त्या मुलाच्या गळ्यात पडला असता. दुसऱ्या कारणासाठी नियम असा. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर पडताळल्याशिवाय आणि कर बिल हाती आल्याशिवाय माल गाळ्यात घेतला जाणार नाही. माल आला की खोक्यावरील छापील माहिती पाहून त्या खेपेचा क्रमांक बिलावर टाकला जाईल. शिल्लक संपली आणि पुरवठादाराकडे माल नसला, तर त्या वस्तूची नगसंख्या पानावर शून्य केली जाईल. ही शेवटची ओळ विसरू नये. दिवाळीआधी विक्रेता चुकला तो अप्रामाणिकपणामुळे नव्हे, तर माल संपल्यावर काय करायचे हे ठरलेले नव्हते म्हणून. तो प्रसंग पुन्हा येणारच आहे.

प्रत्येक नियमापुढे तो कोण पाळणार आणि कधीपासून, हे यायला हवे. अंमलात आल्याची तारीख भूतकाळातली असेल तर उत्तम. जोडपत्रांत तीन बिले, त्यांना जुळणारी 2B ची पाने, वेगळ्या कपाटाचा आणि बाद केलेल्या मालाचा फोटो, रिटर्नच्या नव्या नोंदवहीचे एक भरलेले पान आणि ग्राहकांना परत केलेल्या रकमांची यादी एवढे पुरे होते. बिलांचे फोटो स्पष्ट, चारही कडा दिसतील असे हवेत. कापलेल्या कडेचा कागद संशय वाढवतो. ज्या बाटलीबद्दल तक्रार आहे तिची ओळ बिलावर खुणेने दाखवावी, कारण व्यापाऱ्याच्या बिलावर ‘स्टील बॉटल 1 ली.’ एवढेच लिहिलेले असते आणि वाचणाऱ्याने ती ओळ स्वतः शोधावी अशी अपेक्षा ठेवता येत नाही. सगळे मिळून मजकूर एक-दीड पानापुढे जाऊ नये. खात्यांचे अर्ज तपासणाऱ्यापुढे रांग असते, आणि नेमके उत्तर दुसऱ्या पानाच्या तळाशी असेल, तर ते वाचले जाईलच असे नाही.

आराखडा ‘Account Health’ पानावरील अपील करण्याच्या बटणातूनच पाठवला जातो. उत्तर काही तासांत येऊ शकते, काही आठवडेही लागू शकतात. होकार आणि स्पष्ट नकार यांच्याशिवाय ‘आणखी माहिती हवी’ असेही उत्तर येते, आणि ते सर्वांत जास्त गोंधळात टाकते, कारण कोणती माहिती हे त्यात क्वचितच स्पष्ट असते. अशा वेळी तोच मजकूर पुन्हा पाठवणे सर्वांत वाईट. उत्तरातली वाक्ये मूळ सूचनेशी ताडून पाहावीत. बिलांचा उल्लेख पुन्हा आला असेल, तर अडचण कागदांत आहे, म्हणजे नगसंख्या, पुरवठादाराचा फोन किंवा तारीख यांपैकी कुठेतरी. मूळ कारणाबद्दल विचारणा असेल, तर पहिला परिच्छेद अपुरा आहे. मग तेवढाच भाग वाढवून, आधीच्या विधानांना धक्का न लावता पुन्हा पाठवावा.

या वाटेत आडमार्ग दाखवणारे भेटतात. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावावर नवे खाते उघडावे, हा त्यातला नेहमीचा सल्ला. बँक, पत्ता, संगणक, फोन आणि तोच माल यांवरून अशी खाती जोडली जातात आणि दोन्ही बंद होतात. पैसे देऊन हमखास खाते सुरू करून देणारे मध्यस्थही असतात. तयार साच्यातला मजकूर ते सगळ्यांना विकतात, आणि तो साचा तपासणाऱ्यांच्या ओळखीचा झालेला असतो. काहींची मजल त्याहून पुढे जाते. सप्टेंबर 2020 मध्ये अमेरिकेत सिएटल येथील फेडरल न्यायालयात सहा जणांवर आरोप ठेवले गेले की त्यांनी ॲमेझॉनच्या कर्मचाऱ्यांना आणि कंत्राटदारांना एक लाख डॉलरहून अधिक लाच देऊन, इतर गोष्टींबरोबर, निलंबित खाती पुन्हा सुरू करून घेतली. लाच घेणाऱ्यांत हैदराबादमध्ये काम करणारे कर्मचारीही असल्याचे त्या आरोपपत्रात म्हटले होते. ‘आतला माणूस आहे’ असे सांगणारा मध्यस्थ खोटे बोलत असेल तर पैसे जातात, आणि खरे बोलत असेल तर विक्रेता फौजदारी गुन्ह्यात ओढला जातो.

आराखडा मंजूर झाला, तरी सगळे पूर्ववत होईलच असे नसते. खाते सुरू होऊनही तक्रार असलेली बाटली बंदच राहू शकते, आणि तिच्यासाठी वेगळे अपील करावे लागते. या उदाहरणात तसेच होण्याची शक्यता जास्त आहे, कारण 662 पैकी 450 नगांचीच बिले आहेत. धोरणभंगाची नोंद गुणांवर 180 दिवस परिणाम करते. त्या काळात तसलीच आणखी एक तक्रार आली, तर आधीच्या आराखड्यातले नियम पाळले गेले नाहीत असे धरले जाते, आणि दुसऱ्या वेळचा आराखडा कितीतरी अवघड होतो. म्हणून रिटर्नची नोंदवही आणि खेपेचे क्रमांक या काळात रोजच्या रोज लिहिले जायला हवेत.

सगळी निवेदने नाकारली गेली तर काय, याचे उत्तर देशागणिक बदलते. युरोपीय संघात 12 जुलै 2020 पासून लागू झालेल्या नियमांनुसार, खाते बंद करताना बाजारपेठेला लेखी कारणे द्यावी लागतात. कायमचे बंद करायचे असेल तर सामान्यतः 30 दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते, आणि तक्रारीसाठी अंतर्गत यंत्रणा व मध्यस्थांची सोय ठेवावी लागते. त्याच्या एक वर्ष आधी, जुलै 2019 मध्ये, जर्मनीच्या स्पर्धा नियामकाच्या चौकशीनंतर ॲमेझॉनने विक्रेत्यांच्या करारात याच धर्तीचे बदल मान्य केले होते. भारतातील 2020 चे ई-कॉमर्स नियम ग्राहकाच्या हक्कांभोवती रचलेले आहेत. विक्रेता त्या अर्थाने ग्राहक नसतो, त्यामुळे त्याला मुख्यतः त्याने स्वीकारलेल्या करारावर, त्यातील लवादाच्या तरतुदीवर आणि वकिलाच्या नोटिशीवर अवलंबून राहावे लागते. सहाशे बाटल्या विकणाऱ्याला लवादाचा खर्च परवडेलच असे नाही. भारतीय विक्रेत्यासाठी ही मोठी उणीव आहे आणि ती कायद्यानेच भरून निघू शकते. तोवर त्याच्या हाती उरते ते रोखलेली रक्कम मुदत संपताच लेखी मागणे, कंपनीच्या गोदामातला माल परत पाठवण्याची विनंती वेळेत नोंदवणे, आणि बिले व तपासाचे सर्व कागद जपून ठेवणे. दुसऱ्या बाजारपेठेने पुरवठादाराचे पुरावे मागितले, तर हेच कागद लागतात.